साजिदाताईंचा अर्धा

साजिदा मुलाणीच्या पोटात तीन महिने दुखत होतं आणि त्या दुखण्याचं नाव अपूर्वा होतं.

तशी साजिदा मनाने वाईट नव्हती. घोटावड्याच्या त्या सॉस-लोणच्यांच्या कारखान्यात तिला चौदा वर्षं झाली होती. पौडहून सकाळची एसटी धरून ती साडेआठला लॅबचं कुलूप उघडायची. व्हिनेगर किती आंबट, सॉसचा पीएच किती, लोणच्यात मीठ किती, हे सगळं तिच्या हाताखालून जायचं. लॅबचे प्रमुख इंद्रजित सर निवृत्त होऊन गावी गेले, तेव्हा त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण मॅनेजर शेखर साहेबांनी खुर्ची रिकामी ठेवली आणि बाजूला दुसरी एक खुर्ची मांडली. त्या खुर्चीवर अपूर्वा आली.

वय सव्वीस, एमेस्सी, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. पुण्याहून स्कुटीवर यायची, चांदणी चौकातली धूळ तोंडावर घेऊन, आणि आल्या आल्या हसायची. पहिल्याच दिवशी तिने साजिदाला "ताई" म्हटलं.

"इथं मॅडम म्हणतात," साजिदा म्हणाली.

"हो ताई," अपूर्वा म्हणाली, आणि तिचं ते ताईच राहिलं.

मग एकेक गोष्ट साजिदाच्या डोळ्यांत खुपायला लागली. शेखर साहेब लॅबमध्ये आले की पूर्वी विचारायचे, "साजिदाताई, तुमचं काय मत?" आता ते दारातूनच म्हणायचे, "अपूर्वा, एक मिनिट." काचेची भांडी धुणाऱ्या गोजराबाईंनी तर हद्दच केली. चौदा वर्षं पहिला चहा साजिदाच्या टेबलावर यायचा. एके दिवशी तो अपूर्वाच्या टेबलावर गेला.

"सकाळच्याला काय खात न्हाई ती पोर," गोजराबाई म्हणाल्या. "तोंड बगा कसं वाळलंय. तुमी काय, घरून जेवूनच येतायसा."

साजिदाने तो चहा घेतला नाही. दुपारपर्यंत तिचं डोकं दुखलं आणि त्याचाही राग तिने अपूर्वावरच काढला. चहावरून एवढं काय, असं कुणी म्हणेल. ज्याचा पहिला चहा गेला त्यालाच ते कळतं.

दिवाळीनंतर जुना पीएच मीटर एकदाचा मेला आणि नवा आला. शेखर साहेबांनी नव्या मीटरची जबाबदारी अपूर्वाकडे दिली. "तू शिकलेली आहेस यातलं, तूच बघ." साजिदाने त्या दिवसापासून नव्या मीटरला बोटही लावलं नाही. लागली तर नजर लागू दे त्याला, असंच जणू.

आणि नजर लागलीच.

त्या लॅबची एक पद्धत होती. मीटर रोज सकाळी दोन बफरांवर लावून घ्यायचा. बफर म्हणजे ठरलेल्या पीएचचं विकतचं द्रावण, एक ४.०१ चं, एक ७ चं. त्यानंतर आपल्या हाताने बनवलेलं एक तपासणीचं द्रावण मोजायचं, म्हणजे खात्री होते. ते द्रावण म्हणजे अगदी पातळ ॲसिटिक आम्ल, व्हिनेगरमध्ये असतं तेच. लिटरला एक सहस्रांश मोल. साठ्यातल्या बाटलीतून पिपेटने, म्हणजे ठरलेल्या मापाच्या नळीने, दहा मिली घ्यायचं आणि लिटरभर करायचं. त्याचा पीएच ३.८७ यायला हवा, दोन शतांश इकडेतिकडे चालेल. हा आकडा कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या कार्डावर लिहिलेला होता. खाली सही होती, साजिदा न. मुलाणी, आणि तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

हे कार्ड म्हणजे साजिदाचा मानाचा तुरा. इंद्रजित सरांच्या काळी तपासणीचं द्रावण दहापट तीव्र असायचं, पीएच ३.३७. आपला सॉस असतो ३.९ च्या आसपास, मग तपासणी त्याच्या जवळ नको का, असं साजिदानेच सुचवलं होतं. द्रावण दहापट पातळ करायचं. नवा आकडा तिने तिथल्या तिथे सांगितला होता. सौम्य आम्ल दहापट पातळ केलं की पीएच अर्ध्याने वाढतो, ३.३७ चे ३.८७. इंद्रजित सर खूश झाले. त्या दिवसापासून लॅबमध्ये त्या युक्तीचं नाव पडलं, साजिदाताईंचा अर्धा. नवीन कुणी आलं की त्याला आधी तो अर्धा शिकवायचे, मग हजेरीवर नाव लिहायचे.

नव्या मीटरवर ते द्रावण ३.९० दाखवू लागलं.

पहिल्या दिवशी अपूर्वाने पुन्हा द्रावण बनवलं. ३.९०. दुसऱ्या दिवशी बफर नवे उघडले. ३.९०. चौथ्या दिवशी मीटरचा द्रावणात बुडवायचा प्रोब बदलला, तर ३.९१. लॅबच्या नियमाप्रमाणे तपासणी चुकली की त्या मीटरवर माल पास करायचा नाही. रोज सॉसचे नमुने मोटारसायकलवरून पुण्याच्या बाहेरच्या लॅबमध्ये जाऊ लागले. टाक्या भरून उभ्या राहायच्या आणि संध्याकाळपर्यंत शेखर साहेबांचा फोन वाजत राहायचा.

"जुन्या मीटरवर अकरा वर्षं कधी असं झालं नाही," साजिदा म्हणाली. ती हे मीठ न घालता म्हणाली, पण मीठ कुठे पडायचं ते बरोबर पडलं.

आणि ते खरंही होतं. जुन्या मीटरला बाजूला एक खुंटी होती. बफर लावून झाल्यावर तपासणीचं द्रावण ३.८७ दाखवत नसेल तर ती खुंटी जराशी फिरवायची, आकडा जागेवर यायचा. लॅबमध्ये त्याला म्हणायचे, मीटरचा कान पिळणे. रोज सकाळी थोडा कान पिळावाच लागायचा. मीटर म्हातारा आहे, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही. नव्या मीटरला कानच नव्हता. बफर तो स्वतः ओळखायचा आणि स्वतःच लागायचा.

"ताई, बफर अगदी बरोबर दाखवतोय," अपूर्वा सहाव्या दिवशी म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मग आपलंच द्रावण कसं चुकतं? हे ३.८७ तुम्ही कसं काढलंत, सांगाल का?"

हा प्रश्न साध्या मनाने विचारलेला होता. पण जळणाऱ्याला फुंकरही वाऱ्यासारखी लागते. साजिदाला वाटलं, आता ही आपल्या कार्डावर बोट ठेवणार.

"अकरा वर्षं झाली काढून. सगळ्यांच्या हातून आलं ते. तुझ्याच हातून का येत नाही, ते बघ."

अपूर्वाने पुन्हा पिपेट हातात घेतला. त्या दिवशी शेखर साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. लॅबची काच पातळ होती. शनिवारी आपला सॉस घेणाऱ्या मोठ्या हॉटेलवाल्यांचं ऑडिट आहे, तोवर मीटर पास झाला नाही तर तुला कायम करणं मला अवघड आहे, असं साहेब म्हणाले. आणि ऑडिट झाल्यावर प्रमुखाची जागाही भरायचीच आहे, असंही म्हणाले. हे वाक्य साजिदाने दोनदा मनात म्हणून बघितलं आणि त्या दिवशी एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली नाही तरी चाललं.

गुरुवार म्हणजे कारखान्याची सुट्टी. नवरा नसीर हार्डवेअरच्या दुकानात गेला होता. साजिदाने भाजी चिरून ठेवली आणि जेवणाच्या टेबलावर कोरा कागद घेतला. मनात तिने सगळं रचलं होतं. ऑडिटर विचारेल, हा ३.८७ कुठून आला? तेव्हा अपूर्वा बघत राहील आणि आपण सुवाच्य अक्षरात लिहिलेला कागद पुढे करू. खुर्ची कुणाची, ते तिथेच ठरेल.

तिने लिहायला सुरुवात केली. आम्लाची तीव्रता ०.००१. त्याचा विघटन-स्थिरांक १.८ गुणिले दहाचा उणे पाचवा घात. सौम्य आम्ल, म्हणजे पाण्यात त्याचे थोडेच रेणू फुटतात. फुटलेले किती ते क्ष मानायचे. मग क्षचा वर्ग भागिले उरलेलं आम्ल, म्हणजे ०.००१ उणे क्ष. हे झालं स्थिरांकाबरोबर. आता क्ष फार लहान म्हणून खालचा उणे क्ष सोडून द्यायचा. राहिलं काय, दोन संख्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. क्ष आला ०.०००१३४. पीएच ३.८७.

तिला बरं वाटलं. कॉलेजात पाटणकर सर हे गणित शिकवताना एक गोष्ट बजावायचे, तीही तिला आठवली. "सोडलेल्याची परवानगी घ्या," म्हणायचे. उणे क्ष सोडलात ना, मग शेवटी परत येऊन बघायचं की तो खरंच लहान होता का. मूळ आम्लाच्या शंभरात पाचांच्या आत असेल तर सोडायची परवानगी आहे. नसेल तर नाही, मग वर्गसमीकरण पुरतं सोडवायचं. ऑडिटरवर छाप पडेल म्हणून साजिदाने तीही ओळ लिहायला घेतली. क्ष भागिले ०.००१, गुणिले शंभर.

तेरा पूर्णांक चार.

तिने पुन्हा भागाकार केला. भागाकार असा होता की पोरानेही तोंडी करावा. तेरा पूर्णांक चारच आलं.

मग तिने सरांचं जुनं द्रावण घेतलं, दहापट तीव्र. तिथे क्ष शंभरात सव्वाचार येत होता. तिथे परवानगी होती. भरलेल्या रांजणातून वाटीभर पाणी काढलं तर रांजण भरलेलाच म्हणायला हरकत नाही. पण तीच वाटी तांब्यातून काढल्यावर तांब्याला भरलेला कसं म्हणायचं? आम्ल जितकं पातळ, तितका त्याचा फुटणारा वाटा मोठा. दहापट पातळ करताना तिने आकड्यात अर्धा मिळवला होता, परवानगी मात्र पुन्हा मागितली नव्हती.

भाजी तशीच राहिली. साजिदाने वर्गसमीकरण मांडलं, उणे क्ष जागेवर ठेवून. क्ष आला ०.०००१२५. त्याचा पीएच तिने दोनदा काढला.

३.९०.

म्हणजे मीटर बरोबर होता आणि त्या पोरीचा हातही. चुकलं होतं ते कार्ड. आणि अकरा वर्षं रोज सकाळी म्हाताऱ्या मीटरचा कान पिळून तो खोटा बोलेपर्यंत आपण त्याला सोडला नव्हता. त्या मीटरने सॉसचे आकडेही तीन शतांशांनी कमीच सांगितले असणार. पीएच जितका जास्त तितका आंबटपणा कमी, आणि कारखान्याची वरची हद्द चार. रजिस्टरात ३.९८ लिहिलेला माल खरा ४.०१ असणार. कुणाच्या पोटाला त्याने अपाय झाला नव्हता, धोक्याची रेषा त्याच्या बरीच वर होती. पण घालून दिलेली हद्द ओलांडली होती आणि खाली सही साजिदाची होती.

दुपारी नसीर जेवायला आला तर भाजी कच्चीच.

"तब्येत बरी नाही का?" त्याने विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली आणि कागदाची घडी पर्समध्ये ठेवली.

आता इथे एखादी चांगली बाई शुक्रवारी सकाळी जाऊन सांगून मोकळी झाली असती. साजिदा सकाळी हेच ठरवून एसटीत बसली होती. पण लॅबमध्ये पाऊल टाकलं तर शेखर साहेब अपूर्वाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलेले. तिच्या लॅपटॉपवर काहीतरी बघत होते आणि म्हणत होते, "पुढच्या वर्षी अशी सगळी लॅब करायची आपल्याला, तुझ्यासारखी माणसं हवीत." मीटर चुकतोय, माल अडकलाय, आणि तरी तुझ्यासारखी माणसं हवीत. साजिदाच्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांनी तिला बघितलं आणि म्हणाले, "अं, ताई, ऑडिटसाठी खुर्च्या पुसून घ्यायला सांगा गोजराबाईंना."

चौदा वर्षांनी खुर्च्या पुसून घ्यायच्या, आणि बसायला कोण?

कागद पर्समध्येच राहिला. एक दिवस, साजिदाने स्वतःला सांगितलं. एक दिवस राहू दे. हिला कुणी मारून टाकत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. साजिदाला तिचं मुसळ लख्ख दिसत होतं, तरी तिने ते दिवसभर डोळ्यात वागवलं. संध्याकाळी ती निघाली तेव्हा अपूर्वा अजून लॅबमध्येच होती. आज बाटलीच्या शेजारी तिची वही उघडी होती आणि ती काहीतरी गणित करत होती. ही सोडवेल की काय, अशी भीती साजिदाला वाटली. मग सोडवू दे बाई, असंही वाटलं. दोन्ही मनात घेऊन ती पौडला गेली.

शनिवारी ती पोचली तेव्हा शेखर साहेब दारातच हसत उभे होते.

"जमलं बरं का! ३.८७. बघा रजिस्टर."

रजिस्टरात अपूर्वाच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं. सकाळी ७.५०. तपासणी द्रावण ३.८७. पास. खाली सही.

साजिदा त्या आकड्याकडे बघत राहिली. त्या इमारतीत, घोटावड्यात, सगळ्या मुळशी तालुक्यात बहुधा ती एकटीच अशी होती की जिला हा आकडा बघून कळत होतं की हा खोटा आहे. खरं द्रावण ३.९० च दाखवणार होतं. काल तसंच दाखवत होतं, बुधवारीही तसंच.

तिने ओट्याकडे बघितलं. दहा मिलीचा पिपेट स्टँडवर कोरडा ठणठणीत होता. त्याच्या शेजारी ब्युरेट, हवं तितकं मोजून सोडायची उभी नळी, उभा होता, ओला, साठ्याच्या आम्लाने भरलेला, आणि त्यातली पातळी शून्यावरून उतरून साडेअकरावर थांबली होती. साजिदाने मनात गणित केलं, आता तिला ते चांगलंच येत होतं. दहाच्या जागी साडेअकरा मिली घातलं तर नेमका ३.८७ येतो.

मीटरला कान नव्हता, म्हणून पोरीने द्रावणाचाच कान पिळला होता.

साजिदाला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही, हे आधी सांगायला हवं. पण त्याआधी एक क्षण तो झाला होता, हेही लपवण्यात अर्थ नाही. बोट ब्युरेटकडे करायचं आणि साहेबांना हाक मारायची, एवढंच काम होतं. एमेस्सीबाई आकडे बनवतात. खुर्ची त्याच क्षणी मिळाली असती. आणि कार्डाचं कुणाला कळलं नसतं.

ती आत गेली. अपूर्वा भांडारात बफरच्या बाटल्या मोजत होती. साजिदाने दार लोटून घेतलं.

"साडेअकरा घातलंस."

अपूर्वाच्या हातातली बाटली तशीच राहिली. तिने नाही म्हटलं नाही.

"मी काल दोन वेळा गणित केलं, ताई," ती म्हणाली. "वर्गमूळ काढून. ३.८७च येतं. तुमच्या अर्ध्यानेही तेच येतं. म्हणजे आकडा बरोबर आहे. मग चूक माझ्याच हातात असणार ना? नऊ दिवस शोधली. सापडत नाही. मला ही नोकरी हवी आहे." ती रडत नव्हती. रडली असती तर साजिदाला सोपं गेलं असतं.

"उणे क्ष सोडलास."

"सौम्य आम्ल आहे. सोडतातच."

"परवानगी बघितलीस?"

अपूर्वाला कळलं नाही. साजिदाने पर्समधून कागदाची घडी काढून दिली. अपूर्वाने उभ्या उभ्या वाचलं. तेरा पूर्णांक चारवर तिचा डोळा थांबला, मग खाली समीकरणावर गेला, मग ३.९० वर. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, नऊ दिवसांत नव्हता झाला तसा. "म्हणजे मी बरोबर होते," ती हळूच म्हणाली. मग तिने कागदाचा वरचा कोपरा बघितला. साजिदाला सवय होती, ती प्रत्येक कागदावर तारीख घालायची.

"हे गुरुवारचं आहे," अपूर्वा म्हणाली.

"हो."

"काल तुम्ही होतात इथे. दिवसभर."

"होते."

"मग काल का नाही सांगितलंत?"

साजिदाकडे दोन-तीन उत्तरं तयार होती. खात्री करत होते. साहेब कामात होते. विसरले. पण त्या अरुंद भांडारात तिच्या तोंडून खरंच बाहेर पडलं.

"जळत होते तुझ्यावर. म्हणून."

अपूर्वा बाटल्यांकडे वळली. बाटल्या मोजायच्या राहिल्या होत्या त्या तिने मोजून संपवल्या.

दहाला ऑडिटर आल्या, पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी रजिस्टर मागितलं तेव्हा साजिदा पुढे झाली आणि म्हणाली, आधी एक सांगायचं आहे. शेखर साहेब हसत होते ते हसायचे थांबले. साजिदाने कपाटावरचं कार्ड नखाने खरवडून काढलं. अकरा वर्षांचा गोंद, सहज निघेना. मग तिने सगळं सांगितलं. अर्धा, सोडलेला क्ष, न मागितलेली परवानगी, जुन्या मीटरचा कान. आपली सही कुठे कुठे आहे तेही सांगितलं.

"आजची नोंद ३.८७ आहे," ऑडिटर रजिस्टरावर बोट ठेवून म्हणाल्या. "तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती यायलाच नको."

साजिदाने तोंड उघडलं, पण त्याआधीच अपूर्वा टेबलाशी आली. तिने पेन घेतला, त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, आम्ल मुद्दाम ११.५ मिली घेतले, नोंद रद्द. सही, वेळ. मग तिने पिपेट धुतला, दहा मिली घेतलं, लिटरभर केलं आणि प्रोब बुडवला. सगळे आकड्याकडे बघत राहिले. तो ३.८४ वरून चढला, ३.८९ ला घुटमळला आणि ३.९० वर थांबला.

ऑडिटरनी दोघींकडे पाळीपाळीने बघितलं. त्यांनी ताशेरा मोठा लिहिला. सहा महिन्यांचे राखून ठेवलेले सगळे नमुने नव्या मीटरवर पुन्हा मोजायचे, हद्दीबाहेरचे कळवायचे. पण कंत्राट त्यांनी थांबवलं नाही. "चूक तुम्हीच काढलीत, हे मी लिहिते आहे," त्या शेखर साहेबांना म्हणाल्या. "कुणी काढली?"

"साजिदा मॅडमनी," अपूर्वा म्हणाली.

साजिदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

प्रमुखाची खुर्ची त्या वर्षी कुणालाच मिळाली नाही. शेखर साहेबांनी दोघींना लेखी समज दिली, अपूर्वाचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं आणि राखलेले नमुने मोजायला दोघींना शेजारी शेजारी बसवलं. तीनशे बाटल्या होत्या. एकीने मोजायचं, दुसरीने लिहायचं. नवं कार्डही दोघींनी मिळून केलं. त्यावर आता समीकरण आहे, आणि खाली एक ओळ, सोडलेला क्ष शंभरात तेरा, परवानगी नाही. अक्षर अपूर्वाचं आहे. आपल्यापेक्षा चांगलं आहे, हे साजिदाला अजूनही दिसतं आणि अजूनही थोडं टोचतं.

गोजराबाईंनी सोमवारी दोन चहा एकाच वेळी आणले, दोन्ही हातांत दोन. कुणापुढे आधी ठेवावा म्हणून त्या क्षणभर थांबल्या.

"तिला द्या आधी," साजिदा म्हणाली. "सकाळी खात नाही ती."

अपूर्वाने चहा घेतला. बाटलीचं झाकण लावलं आणि पुढची बाटली पुढे ओढली.

"३.९४," ती म्हणाली. "लिहिलंत, मॅडम?"

पहिल्या दिवशी आपणच हे मागितलं होतं, हे साजिदाला आठवलं. तिने ३.९४ लिहिलं.